'हेल्प' की 'सर्व्हिस'? एका सूत्राची दोन इंग्रजी रूपं



दशलक्षण पर्वाच्या आधीची गोष्ट. आमच्या बदलापूरच्या घरी नात अभ्यासाचं टेबल सोडून माझ्याजवळ स्वयंपाकघरात येऊन बसली. पाठशाळेत तिला दोन मिनिटं इंग्रजीत बोलायचं होतं. विषय होता आपल्या जैन प्रतीकाखाली लिहिलेलं सूत्र. हाताचा पंजा, स्वस्तिक, तीन ठिपके, वर चंद्रकोर आणि खाली संस्कृत ओळ. भगवान महावीरांच्या 2500 व्या निर्वाण वर्षात, म्हणजे 1974-75 मध्ये, सर्व संप्रदायांनी मिळून हे प्रतीक स्वीकारलं, तेव्हापासून ते आपल्या लग्नपत्रिकांपासून दिनदर्शिकांपर्यंत सगळीकडे आहे. ती ओळ म्हणजे तत्त्वार्थसूत्राच्या पाचव्या अध्यायातलं एकविसावं सूत्र.

नातीने दोन पुस्तकांतून दोन इंग्रजी वाक्यं उतरवून आणली होती. एकात जीव एकमेकांना 'हेल्प' करतात असं होतं, दुसऱ्यात जीव एकमेकांना 'सर्व्हिस' देतात असं. ती म्हणाली, "आजी, दोन्ही एकच का गं? हेल्प म्हणजे आपल्या घरी मावशी येतात तशी हेल्प, आणि सर्व्हिस म्हणजे पप्पांच्या गाडीची सर्व्हिस?"

मी हसले, पण उत्तर देता येईना. मी बी.कॉम. झालेली बाई. लग्नाआधी दोन वर्षं एका पेढीत हिशेब लिहिले, नंतर घरच. संस्कृत शाळेपुरतं. पण दरवर्षी दशलक्षणात रोज एक असे दहा दिवसांत दहा अध्याय ऐकत आले आहे, आणि पाचव्या दिवशी पाचवा अध्याय येतो. चाळीस वर्षं ऐकलेल्या सूत्राबद्दल नातीला सांगता येऊ नये याचं वाईट वाटलं. शिवाय त्यातल्या एका शब्दाशी माझा स्वतःचा एक जुना हिशेब होता, तो पुढे सांगते. म्हणून मंदिराच्या कपाटातून पुस्तकं आणली आणि बसले. जे समजलं ते लिहिते.

आधी ही दोन पुस्तकं कोणती ते सांगते. 'हेल्प' आहे एस. ए. जैन यांच्या 'रिअॅलिटी' या पुस्तकात. ते 1960 साली कोलकात्याहून निघालं. त्यात सूत्रांबरोबर आचार्य पूज्यपाद यांच्या सर्वार्थसिद्धी टीकेचाही इंग्रजी अनुवाद आहे. 'सर्व्हिस' आहे नथमल टाटिया यांच्या 'दॅट विच इज' या पुस्तकात, जे 1994 साली आलं. दोघेही मोठे अभ्यासक. टाटियांनी तर उमास्वातींचं म्हणून मानलं जाणारं भाष्य, पूज्यपाद आणि सिद्धसेनगणी यांच्या टीका समोर ठेवून काम केलं, म्हणजे दिगंबर आणि श्वेतांबर दोन्ही परंपरा एकत्र घेतल्या. तेव्हा यातला कोणीतरी चुकला असं म्हणायला मी बसलेली नाही. एकाच सूत्रातून दोन वेगळे शब्द का निघाले आणि त्या शब्दांनी आपल्या घरात काय केलं, एवढंच बघायचं आहे.

सूत्र उघडून बघा. त्यात फक्त दोन पदं आहेत. पहिलं 'परस्पर' आणि 'उपग्रह' जोडून झालेलं. दुसरं 'जीव' या शब्दाचं षष्ठीचं अनेकवचन, म्हणजे 'जीवांचा'. झालं, संपलं. क्रियापदच नाही! 'जीवांचा परस्पर उपग्रह', इतकंच. आपल्या मराठीत क्रियापदाशिवाय वाक्य चालून जातं. 'नाव मोठं, लक्षण खोटं' यात कुठे क्रियापद आहे? पण इंग्रजीत ते चालत नाही. तिथे कोणीतरी काहीतरी केलं पाहिजे. म्हणून अनुवादकाला स्वतःच्या पदरचं क्रियापद घालावं लागतं, आणि नेमकं तिथे त्याचा स्वतःचा अर्थ आत येतो. एकाने 'हेल्प' करायला लावलं, दुसऱ्याने 'सर्व्हिस' द्यायला लावली.

मग 'उपग्रह' म्हणजे काय? मराठीत आपण उपग्रह म्हटलं की आकाशात सोडलेला यंत्राचा गोळा आठवतो. पुण्याच्या वामन शिवराम आपट्यांचा 1890 चा संस्कृत-इंग्रजी कोश आहे, त्यात या शब्दाचे अर्थ पाहिले तर गंमत वाटते. अनुग्रह, प्रोत्साहन हा अर्थ आहेच, पण पकडणं, कैद, कैदी हेही अर्थ आहेत आणि लहान ग्रह हाही आहे. 'उप' म्हणजे जवळ आणि 'ग्रह' म्हणजे धरणं. जवळून धरलेलं मूल पडत नाही, आणि जवळून धरलेला चोर सुटत नाही. धरणं तेच. कोशात दोन्ही बाजू असल्या की कोणती घ्यायची ते आजूबाजूची सूत्रं सांगतात.

पाचवा अध्याय आहे अजीव तत्त्वाचा. सतराव्या सूत्रापासून आचार्य उमास्वामी एकेका द्रव्याचा 'उपकार' सांगत जातात. धर्मद्रव्य गतीला आणि अधर्मद्रव्य स्थितीला. आकाश जागा देतं. पुद्गल शरीर, वाणी, मन आणि श्वास देतो. मग विसावं सूत्र, पुन्हा पुद्गलाचंच. एकविसावं जीवांचं, आणि बाविसावं काळाचं. म्हणजे ही एक यादी आहे, जशी आपण कपाटात लावतो तशी: कोणतं द्रव्य कशाच्या कामी येतं. आपलं सूत्र या यादीतला एक रकाना आहे.

इथे दुसरा शब्द आपल्याला चकवतो, तो म्हणजे 'उपकार'. मराठीत उपकार म्हटलं की ओझं येतं. 'त्यांचे उपकार कसे फेडू', 'उपकार केलेस का माझ्यावर' असं आपण बोलतो. पण या यादीतल्या उपकारात ओझं नाही. धर्मद्रव्याचा दाखला सगळ्यांनी ऐकलेला आहे, माशाला पाणी. पाणी माशाला ढकलत नाही, चल म्हणत नाही. मासा स्वतः पोहतो, पाणी नसेल तर पोहता येत नाही. मासा पाण्याचे आभार मानत नाही आणि पाणी वाटही बघत नाही. असं नुसतं कामी येणं म्हणजे इथला उपकार. एस. ए. जैन यांनी म्हणूनच या ठिकाणी 'फंक्शन' हा शब्द घेतला आहे, म्हणजे कार्य. हा शब्द मला फार चोख वाटला. त्यात मेहेरबानी येत नाही.

आता विसाव्या सूत्राकडे या, कारण माझ्या मते सगळी किल्ली तिथे आहे. त्यात पुद्गलाच्या उपग्रहाची चार नावं आहेत: सुख, दुःख, जीवित आणि मरण. शब्द तोच, उपग्रह. एकविसाव्यात जो आहे तोच, एक ओळ आधी. दुःखाचा उपग्रह आणि मरणाचासुद्धा! विष हा पुद्गल, तो मरणाच्या कामी येतो. आता इथे 'हेल्प' घालून बघा. पुद्गल आपल्याला मरायला मदत करतो? एस. ए. जैन यांनाही ते खटकलं असणार, कारण या सूत्रात त्यांनी 'हेल्प' वापरलेलाच नाही. इथे त्यांनी 'कॉन्ट्रिब्यूट' लिहिलं आहे, म्हणजे हातभार लागणं. सतराव्या सूत्रात गती आणि स्थितीसाठी लिहिलं आहे 'असिस्ट'. आणि एकविसाव्यात 'हेल्प'. मुळात शब्द एकच, अनुवादात तीन. इंग्रजीत वाचणाऱ्या मुलीला कळणारच नाही की ही तिन्ही एकाच धाग्यातली फुलं आहेत.

मी हिशेब लिहिणारी, म्हणून मला असं वाटतं. एकाच खात्याला तीन पानांवर तीन नावं दिली तर वर्षाच्या शेवटी ताळा जमत नाही. प्रत्येक नोंद आपापल्या जागी बरोबर दिसते, पण खातं एकच होतं हे हरवतं. तसंच इथे झालं. 'कॉन्ट्रिब्यूट' त्या जागी बरोबर आहे, 'हेल्प'ही त्या जागी गोड वाटतो, पण दोघांमधलं नातं तुटलं.

पूज्यपाद आचार्यांनी विसाव्या सूत्राच्या टीकेत दिलेले दाखले तर आपल्या स्वयंपाकघरातले आहेत. एक पुद्गल दुसऱ्या पुद्गलाच्या कसा कामी येतो? काशाच्या भांड्याला राख. गढूळ पाण्याला निवळीचं बी. लोखंडाला पाणी. माझ्या आईने काशाची वाटी राखेने घासलेली मी पाहिली आहे, आणि निवळीचं बी उगाळून हंड्यात फिरवलं की गाळ खाली बसतो हे जुन्या बायकांना माहीत होतं. आता राखेला भांड्याची दया येते का? निवळी पाण्याची सेवा करते का? हेल्पही नाही, सर्व्हिसही नाही. एकाच्या असण्याने दुसऱ्यात काही घडतं, एवढंच.

तुम्ही म्हणाल, राख अजीव आहे. जीवांचं सूत्र वेगळं, जीवांना मन असतं, भाव असतो. बरोबर. हाच प्रश्न पूज्यपादांनी स्वतः उभा केला आहे. यादीला 'उपकार' हा शब्द आधीच लागू होता, मग एकविसाव्या सूत्रात पुन्हा 'उपग्रह' का म्हटलं? सूत्रकार तर अर्धी मात्रा वाचली तरी आनंद मानणारे लोक. त्यांचं उत्तर असं आहे: आधीच्या सूत्रातली ती चारही नावं इथे ओढून आणायची आहेत म्हणून. सुख, दुःख, जगणं आणि मरणं हीसुद्धा जीव जीवांना देतात.

हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं आणि थोडा वेळ तशीच बसले. चाळीस वर्षं मी या सूत्राचा अर्थ 'एकमेकां साहाय्य करावे' असाच धरून होते. पण हे सूत्र त्याहून मोठं आणि कडू आहे. जीव एकमेकांना धरून आहेत. सासू सुनेला, सून सासूला, शेजारीण शेजारणीला. धरलेला हात सुखही पोचवतो आणि दुःखही. याच ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायात नारकी जीवांचं वर्णन आहे, तिथेही 'परस्पर' शब्द येतो. ते एकमेकांना दुःख देत राहतात. म्हणजे 'परस्पर' म्हटलं की गोडवाच असेल असं नाही. नरकातही परस्पर आहेच.

मग पूज्यपादांनी जीवांसाठी दाखले कोणते दिले? मालक आणि चाकर, गुरू आणि शिष्य. मालक धन देऊन चाकराच्या कामी येतो, चाकर हिताचं करून आणि अहित टाळून मालकाच्या. गुरू इहपरलोकीचं हित दाखवतात, शिष्य तसं वागून गुरूंच्या कामी येतात. हे दाखले चांगल्या बाजूचे आहेत हे खरं. म्हणून एस. ए. जैन यांना 'हेल्प' सुचला असेल, कारण ते याच टीकेचा अनुवाद करत होते. आणि मालक-चाकर वाचल्यावर 'सर्व्हिस' सुचणंही साहजिक. पण दाखल्यात एक गोष्ट बघा, दोन्ही बाजू आहेत. जमा आहे तशी नावेही आहे. चाकराने केलं आणि मालकाने नुसतं घेतलं, असं नाही. परस्पर म्हणजे नोंद दोन्ही खात्यांत पडते.

आता तो जुना हिशेब.

चार-पाच वर्षांपूर्वी आमच्या ओळखीतली एक तरुण सून होती, अंबरनाथला राहायची. सासरे अंथरुणाला खिळलेले. नवरा पहाटेच्या लोकलने मुंबईला जाणारा, रात्री नऊला परत. सासऱ्यांचं सगळं तिच्या एकटीवर, वर लहान मुलगा. तिने घरात विषय काढला की अर्धा दिवस एखादी बाई ठेवू या, मी शिकवण्या घेऊन पैसे देते. घरच्यांना पटेना. तेव्हा स्वाध्यायानंतर ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "काकू, तुम्ही सासूबाईंशी बोला ना. तुमचं ऐकतील."

आमच्या स्वाध्यायाच्या खोलीत तेव्हा एक तक्ता लावलेला होता, प्रतीक आणि खाली इंग्रजीत तो 'सर्व्हिस'वाला अर्थ. आणि मी, त्या तक्त्याकडे बोट दाखवून, तिला म्हणाले, "अगं, हे बघ ना, सेवा हाच जिवाचा धर्म. सूत्रातच लिहिलंय. पुण्य आहे तुझं."

ती काही बोलली नाही. मान हलवून गेली. पुढे काही महिन्यांनी तिची पाठ इतकी धरली की तिलाच झोपून राहावं लागलं, आणि मग बाई ठेवावीच लागली, एकीऐवजी दोघींसाठी.

बघा मी काय केलं. संस्कृतात होतं 'उपग्रह'. टाटियांनी इंग्रजीत केलं 'सर्व्हिस'. त्यांनी तरी खाली विवरणात स्पष्ट लिहिलं आहे की हा परिणाम अनुकूल असेल किंवा प्रतिकूलही असेल. पण तक्त्यावर विवरण मावत नाही, फक्त ओळ मावते. मी त्या 'सर्व्हिस'चं परत मराठी केलं 'सेवा'. आणि सेवा म्हटलं की आपल्या घरात तो शब्द कोणाच्या खात्यावर पडतो ते मी तुम्हाला सांगायला नको. इंग्रजीतल्या सर्व्हिसमध्ये बँकेची सर्व्हिस येते, बसची येते, तिचं बिल होतं, तिला ठरलेले तास असतात. आपल्या सेवेला बिल नाही आणि तास नाहीत. शब्द इकडून तिकडे गेला आणि तिकडून इकडे आला, आणि येताना एका थकलेल्या मुलीच्या पाठीवर बसला. 'परस्पर' मात्र वाटेत कुठेतरी गळून पडला. तिच्या कामी कोण येत होतं, हा प्रश्न मी विचारलाच नाही.

दुसरी चूक याहून मोठी. मी सूत्राला आज्ञा बनवलं. हे सूत्र 'करा' म्हणत नाही. पाणी माशाच्या कामी येतं, आकाश जागा देतं, काळ बदल घडवतो, त्याच रांगेत जीव एकमेकांच्या कामी येतात. हे वस्तू कशी आहे त्याचं वर्णन आहे. कोणी काय करावं, कशापासून दूर राहावं, हे उमास्वामींनी सातव्या अध्यायात सांगितलं आहे. व्रतं तिथे, हिंसेची व्याख्या तिथे, दानाची व्याख्याही तिथेच. आणि दानाच्या व्याख्येत ते 'उपग्रह' शब्द वापरत नाहीत, 'अनुग्रह' वापरतात: अनुग्रहासाठी आपली वस्तू सोडणं. जिथे मनातून दुसऱ्याचं भलं करण्याचा हेतू आहे तिथे वेगळा शब्द. एवढा काटेकोर माणूस पाचव्या अध्यायात 'अनुग्रह' लिहू शकला नसता का? लिहिला नाही. म्हणजे 'हेल्प' आणि 'सर्व्हिस' हे दोन्ही शब्द खरं तर अनुग्रहाच्या जवळचे आहेत, उपग्रहाच्या नाहीत.

एक शंका आमच्या मंडळातल्या एका मैत्रिणीने काढली आणि ती रास्त आहे. ती म्हणाली, "मग दुःख देणंही उपग्रहच असेल, तर ज्याने छळलं त्याला दोष कसा द्यायचा? तोही आपला कामीच आला म्हणायचं?" नाही. मी म्हणते तसं वाचलं तर उलट गाठ सुटते. माझ्या दुःखाला दुसरा निमित्त झाला हे पाचवा अध्याय सांगतो. त्याच्या मनात प्रमाद होता की नाही, म्हणजे ती हिंसा झाली की नाही, हे सातवा अध्याय सांगतो. निमित्त असणं वेगळं, निर्दोष असणं वेगळं. 'हेल्प' लिहिलं की ही शंका उठतच नाही, कारण दुःखाची बाजू आधीच पुसलेली असते. पण पुसलेली नोंद म्हणजे फिटलेली नोंद नव्हे.

तिसरंही एक इंग्रजी रूप आहे. 23 ऑक्टोबर 1990 रोजी लंडनला बकिंगहॅम पॅलेसमध्ये प्रिन्स फिलिप यांना निसर्गाबद्दलचं जैन घोषणापत्र दिलं गेलं. ते डॉ. लक्ष्मीमल्ल सिंघवी यांनी लिहिलं होतं. त्यात या सूत्राचा अर्थ 'सपोर्ट' आणि 'इंटरडिपेन्डन्स' या दोन शब्दांनी दिला आहे, म्हणजे आधार आणि परस्परावलंबन. तिथे ते झाडं, पाणी, प्राणी यांच्याबद्दल बोलत होते, त्यामुळे तो शब्द शोभून दिसला. परस्परावलंबन मला या सगळ्यांत जास्त जवळचं वाटतं, कारण त्यात कोणी दाता नाही आणि कोणी चाकर नाही. 'सपोर्ट'मध्ये मात्र दुःखाची बाजू पुन्हा राहून जाते.

तर माझं मत सांगते. दोनांतला एकच घ्यायचा म्हटलं तर तक्त्यावर मी 'सर्व्हिस' लिहिणार नाही. अनुवाद कमअस्सल आहे म्हणून नव्हे, तर आपल्या घरांत तो मराठीत उतरला की काय होतं ते मी पाहिलं आहे म्हणून. 'हेल्प' कमी अपाय करतो, पण तो अर्ध्या सूत्रावर पांघरूण घालतो. मुलांना इंग्रजीत सांगायचंच असेल तर एस. ए. जैन यांचाच विसाव्या सूत्रातला शब्द एकविसाव्यातही आणावा, 'कॉन्ट्रिब्यूट', आणि त्याला जोडून सुख, दुःख, जगणं, मरणं ही चारही नावं सांगावीत. दोन शेजारच्या सूत्रांत शब्द एक, तर अनुवादातही एक. मराठीत मी असं सांगते: जीव एकमेकांच्या सुखदुःखाला, जगण्यामरण्याला निमित्त होतात. वाक्य लांबतं, तक्त्यावर शोभत नाही, पण ताळा जमतो.

आणि पुढच्या वेळी कुठल्याही ग्रंथाचं इंग्रजी वाक्य कोणी तुमच्यासमोर धरलं, तर एक करून बघा. त्यातला मुख्य शब्द मुळात कोणता आहे ते शोधा, आणि तोच शब्द आधीच्या-नंतरच्या दोन सूत्रांत आहे का ते बघा. असेल, तर अनुवादातला शब्द तिथे घालून वाचा. तिथे तो बसला नाही, तर समजा की इथेही तो पूर्ण बसलेला नाही. मी 'हेल्प' घेऊन मरणाच्या सूत्रात गेले आणि तिथेच अडकले, म्हणून हे सगळं हाती लागलं. संस्कृत फार यावं लागत नाही. सूत्राच्या खाली अन्वय दिलेली मराठी किंवा हिंदी प्रत पुरते.

अंबरनाथच्या त्या मुलीला मी यंदा क्षमावाणीला फोन केला. नुसतं क्षमा असावी म्हणून ठेवला नाही, कशाबद्दल ते सांगितलं. म्हटलं, "मी तुला सूत्राचा अर्थ चुकीचा सांगितला होता. त्यात तू एकटीनेच करावं असं कुठेही लिहिलेलं नाही." ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "काकू, मला तेव्हा सूत्राचा राग आला होता, तुमचा नव्हता."

हे ऐकून मला जास्त लागलं. माझ्यावर रागावली असती तर चाललं असतं.

नातीचं भाषण चांगलं झालं. तिने राखेचा आणि काशाच्या वाटीचा दाखला इंग्रजीत सांगितला. वाटी तिने पाहिली होती, राख मला उल्हासनगरच्या बाजारातून धुपाच्या दुकानातून आणून दाखवावी लागली, कारण आता चूलच कोणाकडे नाही. शेवटी तिने हात करून विचारलं की मग आमच्या घरी मावशी येतात त्या आमची हेल्प आहेत, की आम्ही त्यांची? सगळे हसले. मला वाटतं, सूत्र तिला माझ्याआधी कळलं.